निकालाआधीचे सहा टक्के, निकालानंतरचे पाच

१३ एप्रिल २०२३, गुरुवार. बाजार बंद झाल्यावर इन्फोसिसने तिमाही निकाल जाहीर केले आणि नव्या आर्थिक वर्षात महसूल ४ ते ७ टक्क्यांनी वाढेल, असा अंदाज दिला. शुक्रवारी आंबेडकर जयंतीची सुट्टी होती, पुढे शनिवार-रविवार. शेअर हातात असलेल्या माणसाला तीन दिवस काहीच करता येण्यासारखे नव्हते. सोमवारी, १७ तारखेला बाजार उघडला आणि शेअर एका टप्प्यावर जवळजवळ १५ टक्के खाली गेला. दिवसअखेर त्यातला काही भाग भरून निघाला, तरी बंद भाव आधीच्या बंद भावापेक्षा ९ टक्क्यांहून अधिक खाली होता.

निकाल संध्याकाळी लागतो आणि शेअर दुसऱ्या दिवशी एकदम वेगळ्याच भावाला उघडतो, हे इन्फोसिसच्या बाबतीत नेहमीचे आहे. मधल्या भावांना कोणालाच विकता येत नाही, त्यामुळे स्टॉप लॉस लावूनही उपयोग होत नाही. या उडीपासून संरक्षण हवे असलेले लोक आणि या उडीवर पैसे लावू पाहणारे लोक, दोघेही निकालाआधी ऑप्शनच्या बाजारात येतात. त्यांच्या मागणीमुळे प्रीमियम चढतात आणि त्या चढलेल्या प्रीमियमवरून बाजाराने किती मोठी उडी गृहीत धरली आहे, हे काढता येते.

निकालांच्या हंगामात आर्थिक वाहिन्यांवर आणि दलालांच्या टिपणांत एक वाक्य हमखास दिसते: ऑप्शनच्या भावात ६ टक्क्यांची हालचाल धरलेली आहे, मागच्या आठ निकालांनंतर शेअर सरासरी ५ टक्केच हलला, म्हणजे ऑप्शन महाग आहेत. ऐकायला हे बिनतोड वाटते. मात्र या वाक्यातले ६ आणि ५ हे बहुतेक वेळा वेगवेगळ्या गोष्टींचे मोजमाप असते. ते एकाच मापात आणले की महाग-स्वस्ताचा निष्कर्ष पुष्कळदा विरून जातो. ते कसे आणायचे, हे इन्फोसिसच्याच उदाहरणाने पाहू.

ऑप्शनच्या किमती समजायला सोप्या जाव्यात म्हणून मी पूर्णांकात कल्पून घेतल्या आहेत. समजा, निकालाच्या दिवशी दुपारी साडेतीनला शेअर १५०० रुपयांवर आहे. १५०० च्या स्ट्राइकचा कॉल, म्हणजे ठरलेल्या दिवशी १५०० ला शेअर घेण्याचा हक्क, ४६ रुपयांना मिळतो आहे. त्याच स्ट्राइकचा पुट, म्हणजे १५०० ला शेअर विकण्याचा हक्क, ४४ रुपयांना आहे. दोन्ही एकत्र घेतले की त्याला बाजारात स्ट्रॅडल म्हणतात. त्याची किंमत ९० रुपये, म्हणजे शेअरच्या भावाच्या ६ टक्के. शेअर वर गेला तर कॉल कमावतो, खाली गेला तर पुट. दिशेशी देणेघेणे नाही, प्रश्न फक्त किती हलतो एवढाच. एक्स्पायरीच्या दिवशी शेअर १५०० पासून जितके रुपये दूर असेल, तितकेच रुपये स्ट्रॅडलवाल्याच्या हाती येतात. म्हणून ९० रुपये हा भाव ढोबळमानाने असे सांगतो की, एक्स्पायरीपर्यंत शेअर आजच्या भावापासून सरासरी ९० रुपये दूर गेलेला असेल.

‘एक्स्पायरीपर्यंत’ या शब्दातच पहिली गफलत आहे. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांच्या शेअर्सवर दर आठवड्याला संपणारे ऑप्शन असतात. एन्व्हिडिया बुधवारी संध्याकाळी निकाल देते, शुक्रवारी त्या आठवड्याचे ऑप्शन संपतात, आणि मधे फक्त दोन दिवसांचे व्यवहार उरतात. त्या स्ट्रॅडलमध्ये निकालाशिवाय फारसे काही नसते, त्यामुळे तिथे स्ट्रॅडलची किंमत हीच निकालाची अपेक्षित उडी मानली तर फार बिघडत नाही. ही सवय तिकडून इकडे आली. आपल्याकडे मात्र राष्ट्रीय शेअर बाजारात एकेका कंपनीवरचे ऑप्शन फक्त मासिक आहेत. पूर्वी ते महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी संपत, सप्टेंबर २०२५ पासून शेवटच्या मंगळवारी संपतात. इन्फोसिसचे निकाल साधारण महिन्याच्या मध्याला येतात. म्हणजे निकालाच्या संध्याकाळी घेतलेल्या स्ट्रॅडलला पुढे सात ते बारा दिवसांचे व्यवहार उरलेले असतात. त्या प्रत्येक दिवशी शेअर थोडाफार हलणारच, आणि त्या हालचालीचीही किंमत ९० रुपयांत धरलेली असते.

तेव्हा साध्या दिवसांचा वाटा वजा करायचा. आपल्या उदाहरणात दहा दिवस उरलेत असे धरू. पहिला दिवस निकालाच्या पडसादाचा, बाकीचे नऊ साधे. इन्फोसिस एका साध्या दिवशी किती हलतो, हे काढायला निकालाचा दिवस वगळून मागच्या दोन-तीन महिन्यांतले रोजचे बदल घ्यायचे, वर-खालीचे चिन्ह काढून टाकायचे आणि सरासरी काढायची. ती १.१ टक्का आली असे धरू.

इथे थेट नवाचा गुणाकार करून चालत नाही. शेअर एक दिवस वर जातो, दुसऱ्या दिवशी खाली येतो. रोजच्या हालचाली एकमेकींना काही अंशी खोडतात. एकमेकांशी संबंध नसलेल्या अशा चढउतारांची बेरीज त्यांच्या वर्गांनी होते. स्ट्रॅडलच्या ६ चा वर्ग ३६. साध्या दिवसाच्या १.१ चा वर्ग १.२१, असे नऊ दिवस म्हणजे साधारण ११. ३६ मधून ११ गेले, उरले २५. त्याचे वर्गमूळ ५. स्ट्रॅडलमध्ये ६ टक्के दिसत होते, त्यात निकालाच्या एकट्या दिवसाचा वाटा ५ टक्क्यांचा निघाला. मागची सरासरीही ५ असेल, तर ‘महाग’ ऑप्शन प्रत्यक्षात नेमके रास्त भावाचे निघाले.

साध्या दिवसाचा १.१ हा आकडा आपण भूतकाळातून घेतला, हे कोणाला खटकू शकेल. त्याची उलटतपासणी करण्याचा एक सुंदर मार्ग आहे. पुढच्या महिन्याच्या एक्स्पायरीचा स्ट्रॅडल पाहायचा. त्यातही हाच निकाल एकदाच येतो, फक्त साधे दिवस समजा वीसने जास्त आहेत. तो स्ट्रॅडल ११६ रुपयांना, म्हणजे शेअरच्या पावणेआठ टक्क्यांना असेल, तर त्याचा वर्ग सुमारे ६०. त्यातून जवळच्या महिन्याचे ३६ वजा केले की २४ उरतात. ते वीस दिवसांत वाटले तर दिवसाला १.२, आणि त्याचे वर्गमूळ १.१. बाजार स्वतःच सांगतो आहे की साधा दिवस तो किती धरतो. ही दोन उत्तरे एकमेकांच्या जवळपासही नसतील, तर समजावे की एक तर पुढच्या महिन्यात आणखी काही घटना दडलेली आहे, नाही तर पुढच्या महिन्याच्या ऑप्शनमध्ये व्यवहारच इतके कमी आहेत की त्या भावावर विसंबता येत नाही. आपल्याकडे दुसरी शक्यता जास्त. इन्फोसिससारख्या शेअरमध्येही पुढच्या महिन्याचा शेवटचा व्यवहार सकाळी झालेला असू शकतो. म्हणून शेवटचा व्यवहार झालेला भाव न घेता, त्या क्षणी घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा जो भाव दिसतो त्याचा मध्य घ्यावा. कॉलचा आणि पुटचा एकाच वेळी.

आता दुसरी बाजू, म्हणजे शेअर प्रत्यक्षात किती हलला. इन्फोसिसच्या एप्रिल २०२३ ते जानेवारी २०२५ या आठ निकालांनंतरच्या पहिल्या दिवसाचे बदल जवळच्या पूर्णांकात असे आहेत. एप्रिल २०२३ मध्ये ९ टक्के घट. त्या जुलैत कंपनीने वर्षाचा अंदाज ४ ते ७ वरून १ ते ३.५ टक्क्यांवर आणला आणि शेअर ८ टक्के पडला. ऑक्टोबरमध्ये अंदाजाची वरची कडा पुन्हा कापली गेली, पण घट २ टक्क्यांचीच झाली. जानेवारी २०२४ मध्ये शेअर ८ टक्के चढला. एप्रिलमध्ये एका टक्क्याच्या आत हलला, जुलैत २ टक्के वर गेला, ऑक्टोबरमध्ये ४ टक्के खाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये जवळजवळ ६ टक्के खाली. चिन्ह काढून सरासरी घेतली तर ती ५ टक्क्यांच्या आसपास येते.

हे आकडे पुन्हा एकदा नीट पाहावेत असे मला वाटते, कारण सरासरी ५ असली तरी ५ टक्क्यांच्या अगदी जवळ हललेले निकाल त्यात फार नाहीत. तीन वेळा शेअर ८-९ टक्के हलला, तीन वेळा २ टक्के किंवा त्याहून कमी. एखादी तिमाही बाजाराला चकित करते, एखादी करत नाही, आणि त्या दोन्हींच्या मधोमध सरासरी बसते. एप्रिलमध्ये कंपनी वर्षाचा अंदाज देते म्हणून एप्रिलची उडी मोठी, असाही एक समज आहे. दोन एप्रिलांपैकी एकात ९ आणि दुसऱ्यात १ टक्क्याहून कमी, एवढ्यावर तो उभा राहत नाही. आठ नोंदी आधीच तुटपुंज्या आहेत. त्यांचे तिमाहीनुसार चार ढीग केले की हाती काहीच उरत नाही.

मोजताना होणारी सर्वांत साधी चूक तारखेची. इन्फोसिस आता बाजार बंद झाल्यावर निकाल देते, म्हणून पडसाद पुढच्या व्यवहाराच्या दिवशी पाहायचा. २०१३ मध्ये मात्र ती सकाळी, बाजाराच्या सुरुवातीला देत असे, म्हणून त्या काळाचा पडसाद त्याच दिवशी. एकच नियम सगळ्या वर्षांना लावून संगणकावर तक्ता केला, तर जुन्या निकालांसमोर भलत्याच दिवसाचे बदल येऊन बसतात. तक्त्यात निकालाच्या दिवसासमोर एखादा अगदी किरकोळ बदल आणि शेजारच्या दिवशी प्रचंड उडी दिसली, की ही चूक झाली आहे असे समजावे. दुसरा प्रश्न आहे तो कुठल्या भावापासून कुठल्या भावापर्यंत मोजायचे याचा. १७ एप्रिल २०२३ चा नीचांक धरला तर घसरण १५ टक्क्यांच्या जवळ जाते, बंद भाव धरला तर ९. स्ट्रॅडलची किंमत दुपारी साडेतीनची घेतली असेल, तर शेअरचेही आदल्या दिवशीच्या साडेतीनपासून दुसऱ्या दिवशीच्या साडेतीनपर्यंतच मोजावे. दिवसातला सर्वांत दूरचा भाव घेऊन फुगवलेली सरासरी ऑप्शनला नेहमीच स्वस्त दाखवते.

आणि मग येते ती काळाच्या निवडीची अडचण. २०१३ च्या जानेवारीत निकालानंतर इन्फोसिस जवळजवळ १७ टक्के चढला. १२ एप्रिलला कंपनीने वर्षाच्या वाढीचा अंदाज बाजाराच्या अपेक्षेपेक्षा खूप कमी, ६ ते १० टक्के दिला आणि शेअर एका दिवसात २१ टक्क्यांनी कोसळला. जुलैत पुन्हा ११ टक्के वर. त्या तीन निकालांची सरासरी १६ टक्के होते, अलीकडच्या आठांची ५. शेअर तोच, तिमाही निकालही तेच. आठ नोंदींत एकट्या २१ टक्क्यांच्या दिवसाची भर घातली, तर सरासरी ५ वरून पावणेसातपर्यंत जाते. म्हणजे आजचा स्ट्रॅडल महाग की स्वस्त, हे एका दिवसाला यादीत घ्यायचे की नाही यावर ठरते. अशा वेळी मी सरासरीशेजारी मधली संख्याही लिहिते. आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला घेतला, तर तो २१ मुळे फारसा सरकत नाही, आणि त्या दोहोंमधले अंतरच सांगते की सरासरी एखाद-दुसऱ्या दिवसाच्या जोरावर उभी आहे.

या सगळ्यामुळे माझा कल एका वेगळ्या तुलनेकडे आहे. आजचा गृहीत आकडा जुन्या हालचालींच्या सरासरीशी ताडण्यापेक्षा, प्रत्येक निकालाआधी त्या वेळी किती हालचाल धरली होती आणि त्यानंतर किती झाली, अशा जोड्या लावाव्यात. २०२३ मध्ये बाजार घाबरलेला होता, तेव्हा प्रीमियमही जास्त असणार. ९ टक्के हालचाल ही तेव्हाच्या अपेक्षेशीच ताडायला हवी. एन्व्हिडियाच्या २०२४ मधल्या चार निकालांच्या अशा जोड्या वृत्तसंस्थांनी त्या-त्या वेळी दिलेल्या आकड्यांवरून लावता येतात. फेब्रुवारीत सुमारे ११ टक्के धरले होते, शेअर १६ टक्क्यांहून अधिक चढला. मे महिन्यात सुमारे ९ धरले होते, चढला ९ टक्क्यांच्या किंचित वर. ऑगस्टमध्ये धरले सुमारे १०, पडला साडेसहाच्या आसपास. नोव्हेंबरमध्ये ८ ते ९ धरले होते आणि हलला फक्त अर्धा टक्का. दोन वेळा घेणारा जिंकला, दोन वेळा विकणारा. एकेका निकालाचा अंदाज म्हणून पाहिले तर बाजार बराच चुकला. चारही मिळून पाहिले तर धरलेली सरासरी साडेनऊच्या आसपास आणि झालेली आठच्या आसपास, म्हणजे भाव काही वेडावाकडा नव्हता. स्ट्रॅडलमधला आकडा ही किंमत आहे आणि तिला किंमत म्हणूनच तपासले पाहिजे.

किंमत रास्त असली तरी ऑप्शन घेणाऱ्याला निकालाच्या दुसऱ्या दिवशी काय वाट्याला येते, हे आपल्या उदाहरणात पाहण्यासारखे आहे. शेअर जागचा हललाच नाही, तर निकालाचे २५ गेले आणि नऊ साध्या दिवसांचे ११ उरले. त्याचे वर्गमूळ ३.३ टक्के, म्हणजे ९० रुपयांचा स्ट्रॅडल ५० रुपयांना येतो. ४०० शेअर्सच्या एका लॉटमागे एका रात्रीत १६,००० रुपये गेले. शेअर ३ टक्के, म्हणजे ४५ रुपये हलला तरी स्ट्रॅडलची किंमत साधारण ६२ रुपयांवर येते. शेअर चांगला पळाला, दिशाही दोन्हीपैकी कुठली तरी मिळालीच, तरीही नुकसान का, असा प्रश्न पहिल्यांदा निकालावर ऑप्शन घेणाऱ्याला हमखास पडतो. उत्तर एवढेच की, त्याने ५ टक्क्यांच्या उडीचे पैसे मोजले होते आणि उडी ३ टक्क्यांची झाली. या हिशेबात त्याला दुसऱ्या दिवशी मुद्दल परत मिळायला शेअर साडेपाच-पावणेसहा टक्के हलायला हवा होता.

मग विकणेच शहाणपणाचे, असे यातून निघत नाही. स्ट्रॅडल विकणाऱ्याला निकालाच्या रात्रीतून सर्वांत चांगल्या वेळी मिळतात लॉटमागे ते १६,०००. एप्रिल २०१३ सारखी २१ टक्क्यांची उडी आली, तर शेअर ३१५ रुपये हलतो, त्यातून मिळालेले ९० वजा केले तरी २२५ रुपये खिशातून जातात. लॉटमागे ९०,००० रुपये, तेही बाजार उघडता क्षणी, मधे कुठेही बाहेर पडण्याची संधी न मिळता. आठ निकालांच्या सरासरीत ही रात्र दिसतच नाही. सरासरी ५ आणि भाव ६, म्हणून विकून टाका, असे सांगणारे टिपण वाचताना त्या सरासरीत कुठल्या वर्षापासूनचे निकाल आहेत, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. १७ जानेवारी २०२४ ला निकालांनंतर एचडीएफसी बँकेसारखा शांत समजला जाणारा शेअरही एका दिवसात ८ टक्क्यांहून अधिक पडला होता.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. त्यातले किती निकालांच्या रात्री बुडाले हे त्या आकड्यात वेगळे दिसत नाही. त्यामुळे ज्यांना या विषयाची ओढ आहे, त्यांना माझी विनंती आहे की पुढच्या काही हंगामांत पैसे न लावता नुसती वही ठेवावी. निकालाच्या दिवशी साडेतीनला शेअरचा भाव, जवळच्या आणि पुढच्या महिन्याचा स्ट्रॅडल आणि उरलेले दिवस लिहावेत, साध्या दिवसांचा वाटा वजा करावा, आणि दुसऱ्या दिवशी साडेतीनला प्रत्यक्ष बदल त्याच्या शेजारी मांडावा. मागच्या निकालांसाठी राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर रोजची भावपत्रिका विनामूल्य मिळते. तिथे प्रत्येक स्ट्राइकच्या कॉल आणि पुटचा त्या दिवसाचा बंद भाव असतो. फक्त त्या दिवशी त्या स्ट्राइकमध्ये किती व्यवहार झाले, हा रकाना आधी पाहावा, आणि तो जवळजवळ रिकामा असेल तर ती नोंद सोडून द्यावी.